पुडीवरचा लाल ठिपका

पुण्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करणाऱ्या बायका सुका कचरा शेडमध्ये ओततात आणि खाली बसून हातानं निवडतात. कागद, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा, प्रत्येकाचा भंगाराचा भाव निराळा. निवड जितकी चोख तितकी कमाई बरी. या ढिगात वर्तमानपत्राची घट्ट बांधलेली पुडी आली की ती सोडली जातेच, कारण वरचा कागद ही रद्दी आहे आणि आत काय आहे हे कळल्याशिवाय ती वेगळी करता येत नाही. आत कधी फुटलेला ग्लास निघतो, कधी निर्माल्य, कधी आंबलेली भाजी. आणि कितीतरी वेळा वापरलेलं पॅड किंवा बाळाचं डायपर.

पुडी बांधणाऱ्या बाईनं तर चांगल्याच हेतूनं बांधलेली असते. उघडं टाकू नये, कुणाच्या नजरेस पडू नये, हे आपल्याला आई-आजीनं शिकवलेलं. पण घरच्यांच्या नजरेपासून लपवणारा हाच कागद कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताला बोलावून घेतो. या कचऱ्याचं पुढे जे काही व्हायचं ते नीट होईल की नाही, हे बरंचसं या एका गोष्टीवर ठरतं: पुडी न उघडता ती कसली आहे हे बाहेरून कळतं का?

हातमोजे का घालत नाहीत, असा प्रश्न लगेच विचारला जातो. मोजे दिलेले असतात, काही जणी घालतातही. पण पिशवी कुठल्या प्लॅस्टिकची आहे हे बोटांना कळतं, मोज्यांना कळत नाही. उन्हाळ्यात आत घाम साचतो आणि हात निसटतात. शिवाय काच आणि ब्लेडनं हातावर आधीच चिरा पडलेल्या असतात. पाळीचं रक्त इतर रक्तापेक्षा जास्त घाण नसतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. पण ते रक्त आहे, आणि हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. चिरलेल्या हातांना धोका आहे तो एवढ्यासाठी.

पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना, म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरच्या कचऱ्याचं काम करू लागली. पॅडचा त्रास या बायकांनी अनेक वर्षं सांगून पाहिला. शेवटी २०१३ मध्ये त्यांनी वापरलेली पॅड पोत्यांत भरून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली. माल तुमचा, नफा तुमचा, मग उरलेलं आमच्या हातात का, असा सरळ सवाल होता. आंदोलनं बरीच होतात, पण इतकं मुद्द्याला धरून केलेलं मला दुसरं चटकन आठवत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत या मागणीचा काही अंश आला. पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यावं, गुंडाळण्यासाठीची पिशवी उत्पादकानं पुरवावी, असं त्यात लिहिलं गेलं. पण त्याच नियमानं ही पुडी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितली. सुका कचरा म्हणजे हातानं निवडला जाणारा कचरा! हॉस्पिटलमध्ये रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो आणि जैववैद्यकीय कचरा म्हणून खास भट्टीत जाळला जातो. घरातलं पॅड मात्र नियमानुसारच रद्दी आणि बाटल्यांच्या शेजारी जाऊन बसलं.

लाल ठिपक्याची मोहीम या फटीतून निघाली. 'स्वच्छ' आणि महापालिकेनं पुणेकरांना एवढंच सांगितलं, की पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा आणि पुडी वेगळी द्या. ठिपका दिसला की ताई पुडी सोडत नाही, बाजूला टाकते. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ठिपका कशानं काढायचा याचीही सक्ती नाही. स्केचपेन चालतं, नेलपॉलिश चालतं, मोठी लाल टिकली चिकटवली तरी काम भागतं. फक्त तो पुडीच्या दोन्ही बाजूंना हवा, कारण ढिगात पुडी कुठल्या अंगावर पडेल हे आपल्या हातात नसतं.

पुडी बांधण्याचीही एक रीत आहे. पॅड एका टोकाकडून घट्ट गुंडाळत आणायचं, रक्ताची बाजू आत. नव्या पॅडचं जे वेष्टण हातात असतं त्यातच ही गुंडाळी बसवायची. मग वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात बांधून दोरा मारायचा. काळ्या कॅरीबॅगेत टाकू नये. एक तर महाराष्ट्रात २०१८ पासून तिच्यावर बंदी आहे, आणि काळ्या पिशवीत काय आहे हे कळायला ती फाडावीच लागते, म्हणजे फिरून पहिल्याच जागी आलो.

पॅड धुऊन टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून घराघरांत आहे. कुणी स्वच्छतेसाठी धुतं, तर कुणाच्या मनात करणी, साप, पाप असली भीती असते. कापडाच्या घडीला धुणं लागायचं, कारण ती पुन्हा वापरायची असे. टाकायच्या पॅडला त्याचा काही उपयोग नाही, उलट ते पाणी पिऊन फुगतं आणि जड होतं. असं का होतं हे समजायला पॅडच्या आत डोकवावं लागतं.

अंगाला लागणारा वरचा थर पातळ, छिद्रं असलेल्या प्लॅस्टिकचा असतो. खालचा, गळू न देणारा थरही प्लॅस्टिकचाच. मधे लाकडाच्या लगद्याचा कापूस, आणि त्यात साखरेसारखे दिसणारे बारीक कण. हे कण म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. साध्या पाण्यात ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषून घट्ट जेलीसारखे होतात. रक्त आणि लघवी खारट असल्यामुळे तिथे हा आकडा बराच कमी होतो, पण तरी पुष्कळ उरतो. डायपरमध्ये हे कण पॅडपेक्षा कितीतरी जास्त असतात.

घरी एक कोरं डायपर घेऊन हे पाहता येतं. त्यात पेलाभर पाणी ओतलं की काही सेकंदांत पाणी गायब होतं. मधला भाग फाडून ती जेली वाटीत काढा आणि वर दोन चमचे मीठ टाकून ढवळा. बघता बघता जेली बसते आणि वाटीत पुन्हा पाणी दिसू लागतं. मिठानं तिची पाणी धरून ठेवायची ताकद काढून घेतलेली असते. चुन्यातल्या कॅल्शियमचा परिणाम याहून पक्का होतो. डायपरचा पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांत सुरुवातीची एक पायरी बहुधा हीच असते, पाणी सोडवून वजन उतरवण्याची. वापरलेल्या डायपरवर हा प्रयोग अर्थातच करू नये.

कमोडमध्ये पॅड टाकल्यावर काय होतं तेही यातून कळतं. पाइपच्या वळणावर ते फुगून बसतं, आणि प्लॅस्टिकचे थर असल्यामुळे टॉयलेट पेपरसारखं विरत नाही. पुढे मैला काढणाऱ्याला ते हातानं ओढावं लागतं.

डायपरची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘बाळाची शी कसली घाण,’ असं आपण कौतुकानं म्हणतो आणि डायपर जसंच्या तसं गुंडाळून टाकतो. जुलाब घडवणारा रोटाव्हायरस तान्ह्या मुलांच्या शीतून भरपूर बाहेर पडतो, मूल बरं झाल्यावरही काही दिवस. म्हणून डायपरमधली घट्ट शी आधी कमोडमध्ये झटकायची, मग डायपर गुंडाळायचं. बहुतेक पाकिटांवर हे बारीक अक्षरात छापलेलंही असतं. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण ते न केल्यामुळे मैल्यासाठी जी गटाराची व्यवस्था बांधली आहे ती बाजूला राहते आणि मैला घंटागाडीतून गावभर फिरतो. गुंडाळताना डायपरच्या दोन्ही बाजूंच्या चिकटपट्ट्या शेवटी घट्ट लावल्या तर पुडी सुटत नाही.

आता एका सोसायटीचा हिशेब करू. हा अंदाज आहे, पण आकडे रोजच्या व्यवहारातलेच धरले आहेत. ८० घरं. पाळी येणाऱ्या बायका-मुली ९०, प्रत्येकीला महिन्याला १४ पॅड. म्हणजे दिवसाला ४२. वापरलेलं पॅड सरासरी २५ ग्रॅमचं धरलं तर एकूण साधारण एक किलो. डायपर वापरणारी बाळं ८, प्रत्येकाला दिवसाला पाच. ४० डायपर, एकेक पावणेदोनशे ग्रॅमचं, म्हणजे सात किलो. आणि अंथरुणाला खिळलेली तीन म्हातारी माणसं, दिवसाला प्रत्येकी चार मोठी डायपर, एक जवळजवळ अर्ध्या किलोचं, म्हणजे सहा किलो. सगळं मिळून रोज १४ किलो.

नगांवर पाहिलं तर जवळपास निम्मी पॅड आहेत. वजनात मात्र त्यांचा वाटा चौदावा. चर्चा, पोस्टरं, कुजबूज सगळी पॅडची होते, आणि ओझं वाहिलं जातं डायपरचं. त्यातही मोठ्यांच्या डायपरचा विषय कुणी काढत नाही. तीन माणसांचा कचरा आठ बाळांच्या जवळ जातो, आणि घरी म्हातारी माणसं सांभाळण्याचं प्रमाण वाढतंय तसा तो वाढणारच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय ‘महिलांचा प्रश्न’ म्हणून महिला मंडळाकडे ढकलला जातो तेव्हा हे वजन समोर ठेवावं. त्यातले तेरा किलो मासिक पाळीचे नाहीत.

या १४ किलोंसाठी सोसायटीला लागतो एक साधारण ६० लिटरचा झाकणाचा डबा, पायानं उघडणारा, बाहेरून लाल रंगानं ओळखू येणारा. तो रोज रिकामा व्हायला हवा, कारण ओलसर कचरा दोन दिवस राहिला की वास येतो, वास आला की लोक पुड्या पुन्हा सुक्या डब्यात सारतात आणि व्यवस्था मोडते. डबा कुठे ठेवायचा यावर नेहमी वाद होतो. वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवला तर मुली तिथे जात नाहीत. अगदी कोपऱ्यात ठेवला तर कुत्री आधी पोचतात. ओल्या आणि सुक्या डब्यांच्या रांगेत तिसरा म्हणून ठेवला तर निम्मा संकोच संपतो, कारण माणूस कचरा टाकायला गेलाय एवढंच दिसतं. दारातूनच कचरा उचलला जात असेल तर ताईच्या ढकलगाडीला एक वेगळी पिशवी अडकवली की पुरतं. व्यवस्था चालते की नाही हे तपासायला आठवड्यातून एकदा सुका कचरा निवडणाऱ्या बाईला विचारावं, आज सुक्यात किती पुड्या निघाल्या. तिचा आकडा कमी होत नसेल तर लाल डबा कितीही भरलेला दिसो, काम झालेलं नाही.

इथून पुढे बहुतेक कचरा जाळला जातो, आणि जाळण्याबद्दल आपल्या कल्पना फार सोप्या आहेत. गावाकडे पॅड चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात टाकतात. शाळा-वसतिगृहांत भिंतीवरची छोटी विजेची यंत्रं बसवलेली दिसतात. पॅडच्या वजनाचा मोठा भाग पाणी असतो. आगीला आधी ते उडवावं लागतं, तोवर प्लॅस्टिक धुमसत राहतं आणि धुरातून नको ते वायू निघतात. क्लोरीनचा अंश असेल तर डायॉक्सिनसारखी विषंही त्यात तयार होऊ शकतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीला म्हणूनच दोन कप्पे असतात. पहिल्यात निदान ८०० अंश, आणि तिथला धूर दुसऱ्यात १०५० अंशांवर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. वर ३० मीटरची चिमणी. भिंतीवरच्या डब्याकडून याची अपेक्षाच करता येत नाही.

यंत्र नीट जाळतंय का हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. संडासात जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, पांढुरका धूर दिसत असेल, राखेच्या खणात हलक्या करड्या भुकटीऐवजी काळे गोळे आणि आत ओला गाभा निघत असेल, तर ते यंत्र फक्त भाजतंय. बहुतेक वेळा कारण साधं असतं. तीन पॅडच्या जागी दहा कोंबलेली असतात, कॉइल जळालेली असते किंवा धूर बाहेर नेणारा पाइप बसवलेलाच नसतो. अशा वेळी मुलींनी त्या खोलीत धूर खाण्यापेक्षा यंत्र बंद करून झाकणाचा डबा ठेवणं आणि पुड्या गावच्या व्यवस्थेत देणं बरं. पण खेड्यात पुढे व्यवस्था कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. २०१८ मध्ये राज्य सरकारनं 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागली. पॅड गावात पोचलं. वापरलेलं पॅड गावाबाहेर नेणारी गाडी त्या योजनेत नव्हती, म्हणून ते उकिरड्यावर, ओढ्यात किंवा बंबात जातं.

पुरून टाकणं हा खेड्यातला दुसरा सोपा मार्ग. कापडाची घडी खोल खड्ड्यात कुजून जाते. प्लॅस्टिकचं पॅड कुजत नाही, वर्षांनी उकरलं तरी त्याचे थर तसेच निघतात. गाडी येतच नसेल तर ओढ्याकाठी उघडं टाकण्यापेक्षा पुरणं बरं. खड्डा विहिरीपासून लांब आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल हवा. पण यानं कचरा फक्त नजरेआड होतो.

जाळण्याशिवाय दुसरी वाट आहे, आणि तिचं एक टोक पुण्यातच आहे. अजिंक्य धारिया यांच्या 'पॅडकेअर लॅब्ज'नं ऑफिस-कॉलेजांतून पॅड गोळा करून, निर्जंतुक करून, त्यातला लगदा आणि प्लॅस्टिक वेगळं काढण्याची पद्धत उभी केली. इटलीत त्रेव्हीसोजवळ २०१७ मध्ये डायपरसाठी असाच मोठा कारखाना निघाला. वर्षाला १० हजार टन हाताळण्याची क्षमता, उच्च दाबाची वाफ, आणि शेवटी लगदा, प्लॅस्टिक, शोषक कण असे तीन माल. या दोन्ही ठिकाणी अट एकच आहे: आत येणारा कचरा आधीच वेगळा असला पाहिजे. ओल्या कचऱ्यात मिसळलेलं डायपर वाफेत घालून काही हाती लागत नाही. आणि वेगळ्या केलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळतं का, यावर सगळा जमाखर्च अवलंबून असतो. वापरलेल्या पॅडमधला लगदा म्हटल्यावर तो कितीही स्वच्छ असला तरी विकत घेणारा थबकतो.

कचराच कमी करायचा तर कप आणि धुवायची कापडी पॅड आहेत. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेनं २०१९ मध्ये 'तिंकळ' नावाच्या उपक्रमात ५ हजार कप फुकट वाटले, त्यामागे पॅडच्या कचऱ्याचीच चिंता होती. पण कपाला उकळायला भांडं हवं, धुवायला बंद दाराआड पाणी हवं, आणि कापड वाळायला ऊन हवं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात तिथे हे सांगणं सोपं आहे, करणं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या डायपरला तर असा पर्याय जवळपास नाहीच.

मुंबईत महापालिकेनं २०२५ मध्ये सोसायट्या, वसतिगृहं आणि ब्यूटी पार्लरसाठी हा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, आधी नोंदणी करायची आणि मग गाडी येते. इंदूरच्या कचरागाड्यांना यासाठी कित्येक वर्षं वेगळा खण आहे. आणि २०२६ च्या नव्या घनकचरा नियमांत देशभरासाठीच कचऱ्याचे चार भाग केले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. म्हणजे दहा वर्षांनी पुडी कागदोपत्री तरी सुक्या डब्यातून बाहेर आली. चार भाग घरात केले आणि घंटागाडीला दोनच खण असले, तर पुडी पुन्हा सुक्यातच जाऊन पडते. तेव्हा सकाळी गाडी आली की एकदा खाली उतरून आपली पुडी कुठे टाकली जाते ते पाहावं. वेगळा खण किंवा निदान वेगळी अडकवलेली पिशवी दिसली नाही, तर गाडीवरच्या माणसाशी वाद घालू नये, त्याला गाडी जशी दिली तशी तो चालवतो. गाडीचा नंबर टिपून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर पोच घ्यावी.